स्वतःची विहीर की ओढ्याची पाळी?

फिक्ह, म्हणजे इस्लामी कायदा, वाचणाऱ्या मित्राचा प्रश्न: जुन्या काळच्या शेतकऱ्याला यातलं काय परवडे?

कष्टात विहीर महाग. पण पडीक जमिनीत खोदली की भोवती ‘हरीम’ हा राखीव पट्टा मिळे; हनफी या फिक्हच्या एका पंथाच्या मतात जनावरांना पाणी पाजायच्या विहिरीला 40 हात. त्या पट्ट्यात दुसऱ्याला विहीर खोदता येत नसे. मालकी मात्र निर्वेध नव्हे. शाफिई या दुसऱ्या पंथाच्या मतात गरजेहून जास्तीचं पाणी तहानलेल्या जनावरांना फुकट द्यायचं. दुसऱ्याच्या पिकाला देण्याची सक्ती नाही. मला हा भेद रास्त वाटतो.

ओढ्याला खोदाई नाही, पाळी आहे. मदीनेच्या महजूर ओढ्याचा निवाडा असा: वरच्याने घोट्याइतकं पाणी साठवायचं, मग खाली सोडायचं. कोरड्या वर्षी शेवटच्या शेतापर्यंत ते पोचेलच याची हमी नाही.

म्हणून वरच्या अंगाला जमीन असेल तर ओढा; खालच्या अंगाला विहीरच.