व्हिसाची हमी न देणारी सल्लागार संस्था: काही महिन्यांनंतरचा अनुभव

मुलीच्या ब्रिटनमधील एका वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी आम्ही ज्या सल्लागार संस्थेकडे गेलो, तिची जाहिरात अगदी छोटी होती. विद्यापीठांची निवड, अर्ज, ऑफर लेटर, फीची आगाऊ रक्कम, त्यानंतर विद्यापीठाकडून मिळणारी ‘कॅस’ म्हणजे प्रवेशनिश्चितीची नोंद आणि शेवटी व्हिसाचा अर्ज, असे टप्पे त्यात क्रमाने दिले होते. खाली शुल्काचा तक्ता होता आणि व्हिसाचा निर्णय सर्वस्वी त्या देशाचे अधिकारी घेतात, असे स्पष्ट लिहिले होते. इतर ठिकाणी शंभर टक्के खात्रीची भाषा ऐकून आल्यामुळे हे वाक्य मला तेव्हा जबाबदारी झटकणारे वाटले होते, परंतु ते मत आता राहिलेले नाही.

मला सर्वाधिक उपयोग झाला तो त्या तक्त्यातील शेवटच्या रकान्याचा. प्रत्येक रक्कम कोणाकडे जाते आणि व्हिसा नाकारला गेल्यास तिचे काय होते, हे त्यात लिहिले होते. आम्ही २०२५ च्या उन्हाळ्यात अर्ज केला, तेव्हा व्हिसाचे शुल्क ५२४ पौंड होते आणि ते नकार आल्यास परत मिळत नाही. आरोग्य अधिभाराचे १,१६४ पौंड मात्र नकारानंतर परत केले जातात. विद्यापीठाला भरलेली आगाऊ रक्कम परत मिळेल की नाही, हे त्या विद्यापीठाच्या नियमांवर अवलंबून असते आणि खोटी कागदपत्रे जोडल्यामुळे नकार आला असेल तर ती बहुधा बुडते. संस्थेचे स्वतःचे शुल्क दोन हप्त्यांत होते आणि दुसरा हप्ता व्हिसाचा अर्ज दाखल झाल्यावर परत मिळणार नाही, असेही तेथेच नोंदवले होते. नकार आल्यास आपले नेमके किती नुकसान होईल, याची बेरीज पैसे भरण्यापूर्वीच मांडता येणे ही काटकसरीने चालणाऱ्या घराच्या दृष्टीने फार मोठी गोष्ट आहे.

हमी का देता येत नाही, हे मला निधीच्या टप्प्यावर उमगले. मुलीची फी १८,००० पौंड होती आणि त्यातील ५,००० भरल्याची नोंद कॅसवर आलेली असल्यामुळे १३,००० उरले होते. लंडनबाहेर राहण्याच्या खर्चासाठी तेव्हा दरमहा १,१३६ याप्रमाणे नऊ महिन्यांचे १०,२२४ पौंड दाखवावे लागत, म्हणजे एकूण २३,२२४ पौंड झाले. ही शिल्लक खात्यात सलग २८ दिवस असावी लागते आणि त्या २८ दिवसांचा शेवटचा दिवस अर्जाच्या तारखेपूर्वी ३१ दिवसांहून जुना चालत नाही. पालकांचे खाते चालते, मात्र नाते दाखवणारा जन्मदाखला आणि पालकांचे संमतीपत्र सोबत लागते.

आम्ही माझ्या पत्नीचे खाते दाखवणार होतो. संस्थेतील सल्लागार बाईंनी खातेउताऱ्याची ओळ न् ओळ वाचली आणि मधल्या एका दिवशी विम्याचा हप्ता आपोआप वळता होऊन शिल्लक आवश्यक रकमेखाली गेल्याचे दाखवून दिले. दुसऱ्याच दिवशी पैसे भरले गेले असले, तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू करावी लागते. त्यांनी अर्ज पुढे ढकलायला लावला आणि पौंडाचा विनिमय दर अर्जाच्या दिवसाचा धरला जात असल्याने खात्यात थोडी अधिक रक्कम ठेवायला सांगितली. तोच उतारा तसाच जोडला असता, तर जाहिरातीतील कोणत्याही हमीने नकार टळला नसता.

मधल्या काळात सल्लागार बदलल्यामुळे काही कागद दोनदा पाठवावे लागले, तो त्रास मी सोडून देतो. माझा खरा आक्षेप वेगळा आहे. इतक्या काटेकोर जाहिरातीत, विद्यार्थी दाखल झाल्यावर विद्यापीठे संस्थेला कमिशन देतात, याविषयी एक अक्षरही नव्हते. मी लेखी विचारल्यावर उत्तर प्रामाणिक आले: आम्हाला सुचवलेली सर्वच विद्यापीठे कमिशन देणारी होती आणि मुलीने स्वतः शोधलेले विद्यापीठ त्या यादीबाहेरचे असल्याने तेथील अर्जासाठी वेगळे शुल्क पडणार होते. कमिशन घेण्यात काही गैर आहे असे मी म्हणत नाही, पण विद्यार्थ्याकडून येणारा पैसा रकान्यांत मांडायचा आणि विद्यापीठाकडून येणारा वगळायचा, हे मला पटलेले नाही, कारण विद्यापीठांची यादी याच दुसऱ्या पैशाने आखडते.

मुलीने अखेर स्वतःच्या पसंतीच्या विद्यापीठातच प्रवेश घेतला, तेथील अर्ज तिने थेट विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून केला आणि संस्थेची मदत केवळ व्हिसाच्या कागदपत्रांपुरती, पहिला हप्ता वजा करून, घेतली. व्हिसा मिळाला. व्हिसाच्या कागदांसाठी मी ही संस्था निःसंकोच सुचवीन, परंतु विद्यापीठ निवडण्यासाठी नाही. तक्त्यात कमिशनचा रकाना जोडावा, असे मी त्यांना कळवले आहे. त्यावर विचार करू, एवढेच उत्तर आजवर आले आहे.