कोटेशनला उत्तर नाही: आठवण तिसऱ्या दिवशी करावी की आठवड्याने?

भाषांतराचं कोटेशन पाठवलं आणि समोरून काहीच आलं नाही, की आमच्या धंद्यात दोन सल्ले मिळतात. काहीजण तिसऱ्या दिवशी आठवण करा म्हणतात, बाकीचे म्हणतात आठवडा जाऊ द्या. मी दोन्ही करून पाहिलं आहे. प्रत्येकाची गिऱ्हाइकं वेगळी, त्यामुळे माझा अनुभव तुम्हाला जसाच्या तसा लागू पडेल असं नाही, पण कुठे काय अडलं ते सांगतो.

तिसऱ्या दिवसाच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. विषय ताजा असतो, आपला मेल अजून फार खाली गेलेला नसतो, आणि तो स्पॅममध्ये पडला असेल तर लवकर कळतं. जीमेलसुद्धा थोड्या दिवसांनी `Sent 3 days ago. Follow up?` असं दाखवून तोच आग्रह धरतं. मी दोनेक वर्षं ते दिसलं की लगेच लिहायचो.

मग एक काम आलं. यंत्राची वापरपुस्तिका, सुमारे नऊ हजार शब्द, इंग्रजीतून मराठीत. सोमवारी दर आणि मुदत पाठवली, गुरुवारी सकाळी आठवण केली. दहा मिनिटांत उत्तर आलं: ‘पाहून कळवतो.’ मला बरं वाटलं. पण त्या दोन शब्दांनी माझी वाटच बंद केली. साहेबांनी माझ्या मेलला उत्तर दिलं होतं, प्रश्नाला नाही. आता लगेच पुन्हा विचारावं तर मागे लागल्यासारखं दिसतं, म्हणून मी पंधरा दिवस गप्प बसलो. शेवटी फोन केला तेव्हा काम दुसरीकडे गेलं होतं. त्यांच्या खरेदी विभागात तीन कोटेशनं आल्याशिवाय तुलनेचा तक्ता होत नाही, आणि गुरुवारी त्यांच्या हातात फक्त माझं एकच होतं. त्यांना सांगण्यासारखं काही नव्हतं, आणि मी नेमकं तेव्हाच विचारलं.

हे चार-पाच वेळा झालं. माझा कल आठवड्याकडे झुकला तो एवढ्या एका गोष्टीमुळे. पहिली सभ्य आठवण एकदाच करता येते, आणि लवकर केली की ती ‘पाहून कळवतो’मध्ये खर्च होते. आठवड्याने मात्र बहुतेक ऑफिसांत एखादी बैठक होऊन गेलेली असते, बाकीचे दर आलेले असतात, आणि समोरच्याकडे होय किंवा नाही असं काहीतरी असतं.

मग दोन आठवडे थांबलो तर? तेही केलं, आणि मला ते जास्त महागात पडलं. इतका वेळ गेला की समोरच्याला संकोच वाटू लागतो. उत्तराच्या आधी ‘उशिराबद्दल क्षमस्व’ लिहायचं असतं, म्हणून तो मेल आणखी मागे ढकलला जातो. शिवाय माझे दर पंधरा दिवसांपुरते असायचे, म्हणजे आठवण करेपर्यंत कोटेशनच शिळं झालेलं असायचं.

आठवडा म्हणजे कामाचे पाच दिवस, कॅलेंडरवरचे सात नव्हेत. महाराष्ट्रातल्या शासकीय कार्यालयांना 29 फेब्रुवारी 2020पासून शनिवार-रविवार सुट्टी आहे, तर पुष्कळ कारखाने शनिवारी चालू असतात. त्यामुळे समोर कोण आहे त्यावर मोजणी बदलते. शुक्रवारी दुपारी गेलेला मेल मी सोमवारी गेला असं धरतो. मार्चचा शेवटचा आठवडा, गणपती आणि दिवाळीचे दिवस मोजतच नाही.

आठवड्याच्या आत आठवण मी एकाच ठिकाणी करतो: समोरच्याने स्वतः तारीख दिली असेल तर. ‘बुधवारपर्यंत सांगतो’ म्हणाले, तर गुरुवारी विचारण्यात काहीच गैर नाही.

आता मजकूर. पूर्वी मी लिहायचो: ‘खालील मेलबाबत जेंटल रिमाइंडर. कृपया कळवावे.’ यात सभ्यता आहे, पण काय कळवायचं ते समोरच्याने खाली जाऊन शोधायचं, आणि मोबाइलवर ते कोणी करत नाही. ‘मेल मिळाला का?’ हेही टाळा. त्याला ‘हो’ एवढंच उत्तर येतं आणि आपण होतो तिथेच राहतो. हल्ली मी असं लिहितो:

‘नमस्कार साहेब, मागच्या मंगळवारी वापरपुस्तिकेच्या भाषांतराचे कोटेशन पाठवले होते (सुमारे 9,000 शब्द, 12 दिवस). पुस्तिका या महिन्यात छापायची आहे की पुढच्या, एवढे कळले तर त्याप्रमाणे दिवस राखून ठेवतो. काम दुसरीकडे दिले असल्यास तेही निःसंकोच कळवा. कोटेशन पुन्हा जोडले आहे.’

दराचा उल्लेखच नाही, कारण दरावर निर्णय घ्यायला त्यांना कुणाला तरी विचारावं लागतं. छपाईचा महिना मात्र त्यांना माहीत असतो, त्यामुळे रिक्षात बसल्याबसल्या एका शब्दात उत्तर देता येतं. ‘दुसरीकडे दिले असल्यास’ हे वाक्य घालायला मी बराच काळ घाबरत होतो, वाटायचं आपणच काम घालवतोय. उलट झालं. ज्यांना नाही म्हणायचं होतं त्यांनी ते लवकर सांगितलं आणि माझे दिवस मोकळे झाले. ‘अद्याप उत्तर आले नाही’ हे शब्द मी काढून टाकले. ते खरे असले तरी वाचणाऱ्याला टोचतात. साहेबांच्या वरिष्ठांना Cc करणं तर पहिल्या आठवणीत अजिबात नको.

एक तांत्रिक बाब इथे लोकांना हमखास अडवते. आठवण नवीन मेलने करू नका, स्वतःच्याच पाठवलेल्या मेलवर Reply करा आणि विषय तसाच ठेवा. विषयात ‘रिमाइंडर’ घातलं की जीमेलमध्ये ती वेगळी साखळी होते आणि जुने मेल तिच्यात दिसत नाहीत. Reply केल्यावर To मध्ये समोरच्याचा पत्ता आहे की आपलाच, ते एकदा पाहा. काही मेल प्रोग्राम तिथे आपलाच पत्ता भरतात. आणि Reply मध्ये मूळ फाइल पुढे जात नाही, ती हाताने पुन्हा जोडावी लागते. हे कळेपर्यंत मी ‘कोटेशन सोबत आहे’ असं लिहून रिकामे मेल पाठवत होतो.

वरचा मजकूर पहिल्यांदा वापरला तो दुसऱ्या एका कारखान्यासाठी. मंगळवारी कोटेशन गेलं, पुढच्या बुधवारी सकाळी अकराला आठवण. जेवणाच्या सुट्टीत उत्तर आलं: ‘पुढच्या महिन्यात. 20 तारखेनंतर सुरू करा, पीओ शुक्रवारी पाठवतो.’