बक्षीस लागलं, आता रोख घ्यायची की स्कूटर? टॅक्स कापून हातात काय उरतं त्याचा सोलापुरी हिशोब

मागच्या दिवाळीत दाजींनी फ्रिज घेतला, त्यावर दुकानदाराने कूपन दिलं आणि सोडतीत पहिलं बक्षीस त्यांनाच लागलं. बक्षीस दोन प्रकारचं होतं, एकतर १,२०,००० ची स्कूटर नाहीतर १,००,००० रोख, आणि आठ दिवसांत काय ते सांगा म्हणाले. दाजी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहेत, पगार महिन्याला २५,०००. फोन आला तेव्हा पहिलं वाक्य हेच, "लाख रुपये हातात येतात की ओ, स्कूटर कशाला?" मी टॅक्सची कामं करतो म्हणून लगेच म्हणलं, दाजी थांबा, लाख येत नाहीत, आधी कागदावर मांडू. संध्याकाळी ताईच्या घरी बसून जे मांडलं तेच इथं देतोय, कारण असल्या कूपनवाल्या स्कीम आपल्याकडं दर दिवाळीला असतात आणि लोक बक्षीस घेऊन झाल्यावर विचारायला येतात.

आधी नियम. लॉटरी, क्विझ, टीव्हीवरचा गेम शो, दुकानाचा लकी ड्रॉ, सगळ्याला एकच रेट, सरसकट ३० टक्के, आणि त्या टॅक्सवर ४ टक्के सेस, म्हणजे एकूण ३१.२ टक्के. तुमचा पगार किती, स्लॅब कुठला, याचा या रेटशी संबंध नाही. घरी बसलेल्या माणसाला लागलं तरी तेवढंच, कारण बेसिक सूट बक्षिसाला लावता येत नाही. खर्चही वजा होत नाही, तिकिटाचे पैसे, क्विझला पुण्या-मुंबईला जायचं भाडं, काहीच नाही. ८०सी, मेडिक्लेम पण या रकमेतून वजा होत नाही.

आता रोख रकमेचं बघा. बक्षीस १,००,०००. देणारा आधीच ३०,००० टीडीएस कापणार आणि ७०,००० देणार. लोकांना वाटतं इथं विषय संपला, पण टीडीएस कापताना सेस धरत नाहीत, फक्त ३० टक्केच कापतात, त्यामुळं रिटर्न भरताना अजून १,२०० स्वतः भरायचे राहतात. म्हणजे खरे हातात ६८,८००.

स्कूटरचा टॅक्स कसा घेतात हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. वस्तूतून ३० टक्के कापता येत नाहीत, म्हणून कायदा म्हणतो की वस्तू ताब्यात द्यायच्या आधी टॅक्स भरला गेलाय याची खात्री देणाऱ्याने करायची. म्हणजे प्रत्यक्षात दाजींनी आधी ३६,००० दुकानदाराकडं जमा करायचे, तो सरकारात भरणार, मग चावी. नंतर सेसचे १,४४० वेगळे. आरटीओ पासिंग आणि इन्शुरन्स कुणाकडं, हे कूपनच्या मागं बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, "विजेत्याकडे". तो खर्च शोरूमवाल्याने १६,००० सांगितला. सगळं मिळून ५३,४४० खिशातून गेल्यावर स्कूटर आपली.

शेजारी शेजारी ठेवलं तर असं दिसतं:

| | रोख | स्कूटर |
|---|---|---|
| बक्षिसाची किंमत | १,००,००० | १,२०,००० |
| आधी जाणारे ३० टक्के | ३०,००० | ३६,००० |
| नंतरचा सेस | १,२०० | १,४४० |
| पासिंग, इन्शुरन्स | नाही | १६,००० |
| शेवटी | ६८,८०० हातात | ५३,४४० भरून स्कूटर दारात |

नुसतं हे बघून निर्णय होत नाही, खरा प्रश्न हा की स्कूटर तुम्ही नाहीतरी घेणार होता का? घेणार असाल तर रोख घेऊन तीच गाडी घ्यायला १,३६,००० लागणार, त्यातले ६८,८०० बक्षिसाचे, वरचे ६७,२०० आपले. बक्षिसातली स्कूटर घेतली तर आपले ५३,४४० च जातात, म्हणजे १३,७६० वाचले. आणि गाडी नकोच असेल, विकून मोकळं व्हायचं असेल, तर नवीकोरी गाडी एकदा नावावर झाली की कुणी शोरूमचा भाव देत नाही, समजा ९५,००० ला गेली तर त्यातून ५३,४४० वजा करून ४१,५६० उरतात, रोख घेतली असती तर ६८,८०० उरले असते. रोखीच्या बरोबरीला यायचं तर गाडी १,२२,२४० ला विकली पाहिजे, जे होणार नाही. म्हणून माझं मत स्पष्ट आहे, विकायच्या हिशोबाने कधीही वस्तू घेऊ नका.

ताई जुळे सोलापुरात शिवणक्लास घेते, रोज दोन वेळा शेअर रिक्षा, आणि गाडी हप्त्यावर घ्यायचं त्यांचं गेल्या पाडव्यापासून चाललं होतं. त्यामुळं हिशोब स्कूटरकडं झुकला. अडचण एकच, ३६,००० आणि १६,००० मिळून ५२,००० आठवड्यात आणायचे कुठून. रोखीत हा त्रास नसतो, तिथं पैसे येतातच, जायचं काही नसतं. ज्याच्याकडं तेवढी सोय नाही त्याने गाडीसाठी व्याजाने पैसे काढले तर १३,७६० चा फायदा व्याजातच जाईल, मग रोखच बरी. ताईची भिशी त्याच महिन्यात लागणार होती, म्हणून जमलं.

आता जे फार कमी लोकांना माहीतय ते सांगतो, छोट्या पगाराच्या माणसाला यातून पैसे परत मिळू शकतात. नव्या रिजिममध्ये १२ लाखांपर्यंत टॅक्स नाही असं सगळे म्हणतात, पण ती रिबेट, म्हणजे टॅक्समध्ये मिळणारी सूट, बक्षिसाच्या टॅक्सला लागत नाही, २०२५-२६ पासून तर कायद्यातच तसं स्पष्ट लिहिलंय. जुन्या रिजिममध्ये मात्र एकूण उत्पन्न ५ लाखांच्या आत असेल तर १२,५०० पर्यंतची रिबेट बक्षिसाच्या टॅक्सवरही चालते. दाजींचा वर्षाचा पगार ३,००,०००, त्यातून ५०,००० स्टँडर्ड डिडक्शन गेलं की २,५०,०००, त्यावर टॅक्स शून्य. स्कूटरचे १,२०,००० मिळवले की ३,७०,०००, म्हणजे ५ लाखांच्या आतच. टॅक्स ३६,०००, त्यातून १२,५०० गेले, उरले २३,५००, वर सेस ९४०, झाले २४,४४०. भरलेत ३६,०००, म्हणजे ११,५६० रिफंड. नव्या रिजिममध्ये राहिले असते तर उलट १,४४० भरायचे होते. फरक १३,००० चा, फक्त रिजिम निवडण्यावर. रोख घेतली असती तरी फरक तेवढाच आला असता, ६८,८०० च्या जागी ८१,८०० पडले असते, त्यामुळं रोख की स्कूटर या निर्णयावर याचा परिणाम होत नाही, पण सोडून देण्यासारखी रक्कम नाही ही.

यात दोन गोष्टी सांभाळा. जुनी रिजिम रिटर्नमध्ये स्वतः निवडावी लागते, नाहीतर आपोआप नवी धरतात, आणि ती निवड मुदतीच्या आत भरलेल्या रिटर्नमध्येच चालते, दाजींसाठी ३१ जुलै २०२६. दुसरं, दरवर्षीचा साधा आयटीआर-१ इथं चालत नाही, बक्षीस असलं की आयटीआर-२. आणि पगार जास्त असेल, एकूण ५ लाखांच्या वर जात असेल, तर ही रिबेट विसरा, पूर्ण ३१.२ टक्केच.

चुका कुठं होतात तेही बघा. दाजींकडून दुकानदाराने ३६,००० घेतले आणि साध्या कागदावर "मिळाले" लिहून दिलं. मी म्हणलं पॅन लिहून घेतलाय का, तर नाही. पॅनशिवाय ते पैसे सरकारात गेले तरी दाजींच्या नावावर दिसणार नाहीत आणि रिफंड तर लांबच, म्हणून परत पाठवून पॅन दिला, सहीशिक्क्याची पावती आणि गाडीच्या बिलाची झेरॉक्स मागून घेतली. बिल यासाठी की पत्रकावर छापलेली किंमत आणि बिलाची किंमत यात कधीकधी फरक असतो, टॅक्स कुठल्या किमतीवर धरला हे आधीच विचारायचं. ऑक्टोबर ते डिसेंबरचा टीडीएस देणारा ३१ जानेवारीपर्यंत दाखवतो, त्यामुळं फेब्रुवारीत २६एएस, म्हणजे आपल्या पॅनवर जमा झालेल्या टॅक्सचा उतारा, उघडून बघितलं, १,२०,००० आणि ३६,००० दोन्ही आकडे बरोबर होते. नसते दिसले तर दुकानदाराकडंच जावं लागलं असतं, कारण दुरुस्ती तोच करू शकतो.

काही ठिकाणी सांगतात "टॅक्स आम्ही भरू, तुम्ही गाडी घेऊन जा". ऑफर चांगलीच आहे, पण तो भरलेला टॅक्सही तुमचं बक्षीसच धरला जातो. तसा हिशोब केला तर १,२०,००० भागिले ०.७, म्हणजे बक्षीस १,७१,४२९ आणि टॅक्स ५१,४२९ दिसणार, तुमच्या वाट्याला सेसचे २,०५७ येतात. एवढ्यात गाडी मिळत असेल तर डोळे झाकून घ्या, फक्त २६एएसमध्ये जो आकडा येईल तोच रिटर्नला टाका.

आणि छोटी बक्षिसं. १०,००० पर्यंतच्या बक्षिसावर टीडीएस कापत नाहीत, लोक समजतात टॅक्सच नाही. तसं नाही, ९,००० चं लॉटरीचं बक्षीस पूर्ण हातात येतं पण रिटर्नला दाखवून २,८०८ भरायचेत.

मोठ्या रकमेतही कापलेला टॅक्स कमी पडतो. क्विझमध्ये १ कोटी मिळाले, बाकी उत्पन्न काहीच नाही धरलं, तर ३० लाख कापून ७० लाख येतात. पण ५० लाखांच्या वर १० टक्के सरचार्ज आहे, म्हणून टॅक्स ३३ लाख आणि सेस १.३२ लाख, एकूण ३४.३२ लाख. वरचे ४.३२ लाख ॲडव्हान्स टॅक्स म्हणून राहिलेल्या हप्त्यांत भरायचे, नाहीतर व्याज लागतं, आणि हे ७० लाख घरात खर्च करून बसल्यावर कळलं तर फार अवघड होतं.

दाजींची स्कूटर नोव्हेंबरातच दारात आली, गड्ड्याच्या यात्रेला ताई त्यावरच गेली. रिफंडचे ११,५६० आले की भिशीच्या पुढच्या हप्त्यांना लावायचं ठरलंय, फॉर्म सुरू झाले की त्यांचं रिटर्न मीच पहिल्या आठवड्यात भरणारय.