काळ्या सिलिकॉनवर पांढरं सिलिकॉन : २५५० रुपयांचा धडा

गुहागरला आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या पर्यटकांसाठी ठेवल्या आहेत. एका बाथरूमात टब आहे. (नवऱ्याची हौस. कोकणात टब कशाला, हे मी तेव्हाच विचारलं होतं.) गेल्या वर्षी श्रावणात टबच्या कडेची आणि बेसिनमागची फट बुजवणारं सिलिकॉन काळंकुट्ट झालं. गणपती आठ दिवसांवर आले होते आणि मुंबईहून माणसं यायची होती. कोणीतरी सुचवलेल्या एका कारागिराला बोलावलं.

तो आला तेव्हा हातात फक्त सिलिकॉनची गन होती. कटर नाही, खरवडायची पट्टी नाही. मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. ओल्या फडक्याने कडा पुसल्या, वरून पांढरी धार ओढली, बोट फिरवलं आणि पंचवीस मिनिटांत काम संपलं. तीन ट्यूबचे १३५० आणि मजुरी १२००, असे २५५० रुपये झाले. कडा अशा पांढऱ्याशुभ्र दिसत होत्या की मी वर चहाही पाजला.

दसऱ्याच्या आधीच टबच्या कोपऱ्यात काळी रेघ उमटली. नखाने टोक उचललं, तर वीतभर पट्टी केळ्याच्या सालीसारखी सुटून हातात आली. खाली जुनं काळं सिलिकॉन जसंच्या तसं होतं. फोन केला तर म्हणाला, "वहिनी, खारं वारं लागतं, कोकणात सिलिकॉन टिकतच नाही." मला तेही पटलं असतं, पण हातात ती पट्टी होती.

वाळलेल्या सिलिकॉनला नवं सिलिकॉन नीट चिकटत नाही. दोन्हींमध्ये फट राहते, तिच्यात पाणी आणि साबणाचा मळ साचतो आणि बुरशीला तेवढं पुरतं. खाऱ्या वाऱ्याचा इथे काही संबंध नाही. बुरशी एकदा सिलिकॉनच्या आत शिरली की वरून कितीही ब्लीच ओता, आतला डाग तसाच राहतो. ते कापून काढण्यावाचून इलाज नाही.

ट्यूबचा हिशेब मी नंतर मांडला. एका ट्यूबमध्ये साधारण २८० मिलिलिटर माल असतो. सहा मिलिमीटर जाडीची धार सोडली तर एका ट्यूबमध्ये जवळजवळ दहा मीटर काम होतं. माझ्या टबच्या तीन बाजू आणि बेसिन मिळून साडेचार मीटरही भरत नाहीत. म्हणजे अर्धी ट्यूब वापरून त्याने तीन ट्यूबचे पैसे लावले. रिकाम्या ट्यूब मी मागितल्याच नव्हत्या.

दिवाळीनंतर खोली रिकामी झाली तेव्हा मी आणि भाच्याने काम स्वतःच केलं. कटरने धारेच्या दोन्ही बाजूंनी चीर दिली, पट्टी ओढून काढली आणि उरलेलं प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडलं, कारण लोखंडी पात्याने टबवर ओरखडे जातात. नुसतं काढायलाच अडीच तास लागले. सगळं निघाल्यासारखं दिसलं तरी पातळ थर उरतोच. बोट फिरवल्यावर रबरासारखं अडतं तिथे तो असतो. तेवढी जागा पुन्हा खरवडली.

फटीतल्या काळ्या डागांवर पातळ केलेल्या लिक्विड ब्लीचमध्ये भिजवलेला टिश्यू पेपर अर्धा तास चिकटवून ठेवला, मग भरपूर पाण्याने धुतलं. खिडकी उघडी ठेवा. आणि त्याच वेळी संडास धुण्याच्या अ‍ॅसिडला हात लावू नका, दोन्ही एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू सुटतो.

मग नळ बंद ठेवून तीन दिवस पंखा लावला. ओल्या फटीवर सिलिकॉन नीट धरत नाही. भर पावसाळ्यात तर हे काम काढूच नये, आणि मी नेमकं तेव्हाच काढलं होतं. चौथ्या दिवशी कडा स्पिरिटने पुसल्या. टब आधी पाण्याने भरला, कारण भरलेला टब वजनाने किंचित खाली बसतो आणि फट रुंदावते. रिकाम्या टबला सील केलं तर पहिल्याच आंघोळीला ते ताणलं जातं. दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावून बुरशीरोधक सॅनिटरी सिलिकॉनची एकच सलग धार सोडली, साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या बोटाने बसवली आणि साय धरायच्या आत टेप ओढली. टबमधलं पाणी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सोडलं.

यंदाचा पावसाळा गेला. नळामागे दोन काळे ठिपके आले होते, ते फडक्याने पुसले गेले. ती सुटलेली दुपदरी पट्टी, वर पांढरी आणि खाली काळी, अजून माझ्या कपाटात आहे. परवा बेसिनचा नळ बदलायला दुसरा प्लंबर आला. त्याला आधी तीच दाखवली. तो हसला आणि खाली जाऊन गाडीतून कटर घेऊन आला.