आधी पुरलेले बोल्ट की नंतर केमिकल अँकर?

शेडचे कॉलम फुटिंगला धरून ठेवणारे बोल्ट काँक्रीट ओततानाच पुरायचे, की नंतर भोक पाडून रेझिनने चिकटवायचे, म्हणजे केमिकल अँकर वापरायचे, हा प्रश्न असतो. शेड हलकी असते, त्यामुळे जोराचा वारा आत शिरला की कॉलम दाबला जात नाही तर उलट वर ओढला जातो, आणि तिथे सगळा भार बोल्टवर येतो. म्हणून मला तरी काँक्रीट ओततानाच पुरलेले, खाली नट-प्लेट असलेले बोल्ट जास्त भरवशाचे वाटतात, कारण त्यांची पकड खोलवर असते आणि ते फुटिंगच्या सळ्यांच्या जाळीत बसतात.

अडचण एकच, ती म्हणजे जागा चुकणे. टेम्प्लेट नीट बांधली नाही तर व्हायब्रेटर लावताना बोल्ट सरकतात. समजा चारातला एक १५ मिमी सरकला, तर बेसप्लेटचं भोक जुळत नाही, मग लोक बोल्ट तापवून वाकवतात किंवा भोक गॅसने कापून मोठं करतात. वाकवू नका, तिथेच बोल्ट कमजोर होतो.

केमिकल अँकरला ही भानगड नाही, प्लेट ठेवून थेट ड्रिल करता येतं. पण भोकातली धूळ हवा-ब्रश-हवा असं करून काढली नाही तर रेझिन काँक्रीटला नाही, धुळीलाच चिकटतं, आणि वरून बघून काहीच कळत नाही, ओढून टेस्ट केली तरच कळतं. फुटिंगच्या कडेजवळ असेल तर काँक्रीटचा तुकडाच उडतो.