पहाटे साडेपाचचा मेसेज: टास्कर आठ महिने वापरल्यावर

सोलापुरात नवी पेठेत आमचं शेंगा चटणी आणि कडक भाकरीचं दुकान आहे. भाकरी करणाऱ्या मावशी सहाला चूल पेटवतात, त्याआधी त्यांना त्या दिवशी किती भाकरी करायच्या तो आकडा लागतो. मी रात्री साडेअकराला शटर ओढणारा माणूस, साडेपाचला कुठला उठतोय! म्हणून अँड्रॉइडवर ठरल्या वेळी कामं आपोआप करणारं टास्कर आणि स्क्रीनवरची बटणं दाबणारं त्याचं ऑटोइनपुट प्लगइन घेतलं.

जुळणी सोपी आहे. ५:३० चा टाइम प्रोफाइल लावायचा. त्याखालच्या टास्कमध्ये `%msg` मध्ये मजकूर भरायचा, तो URL encode करायचा आणि Browse URL ला हे द्यायचं:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=%msg
```

मावशींचं व्हॉट्सअ‍ॅप चॅट उघडतं, मजकूर आयता टाइप झालेला असतो. पण तो जात नाही. लिंकचं काम तिथंच संपतं, पाठवायचं बटण कुणीतरी दाबावं लागतं. पाच सेकंद थांबून ऑटोइनपुट `com.whatsapp:id/send` हे बटण शोधतं आणि दाबतं. म्हणजे हे खरं शेड्यूलिंग नव्हेच, आपल्याऐवजी दुसऱ्याचं बोट.

आणि त्या बोटाला स्क्रीन उघडी लागते. पहिल्याच दिवशी फसलो. दिवसा चाचणीत सगळं ठीक चाललं होतं. पहाटे मात्र पिन लावलेला लॉक होता आणि ऑटोइनपुट ज्यावर चालतं त्या अ‍ॅक्सेसिबिलिटी सेवेला तो ओलांडून मागच्या अ‍ॅपमधलं बटण दाबता येत नाही. पिन काढायची माझी तयारी नव्हती. शेवटी घरातला जुना फोन व्हॉट्सअ‍ॅपला लिंक्ड डिव्हाइस म्हणून जोडला. त्यावर पिन नाही, बँकेचं अ‍ॅप नाही, कायम चार्जरला, गल्ल्याच्या कुलुपात. टास्कमध्ये आधी स्क्रीन चालू करायची पायरी घातली.

पुढचे तीन महिने सुरळीत गेले. मग एका रविवारी ६० भाकरी सांगितल्या होत्या, आल्या रोजच्या २५. मावशी म्हणाल्या, "मेसेजच न्हाई आला की वो." फोन पाहिला तर मजकूर खोक्यात तसाच पडून. व्हॉट्सअ‍ॅप अपडेट झालं होतं आणि बटणाचा आयडी जुळत नव्हता. ऑटोइनपुटमधून बटण पुन्हा निवडलं, पाच मिनिटांचं काम; पण तोवर दहाची गिऱ्हाइकं परत गेली होती.

दुसऱ्यांदा बिघडलं तेव्हा चॅटच उघडलं, पण दाबलं काहीच गेलं नाही. बॅटरी वाचवायच्या नादात फोननंच ऑटोइनपुट मारून टाकलं होतं, त्याची अ‍ॅक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये बंद दिसत होती. दोन्ही अ‍ॅपना बॅटरीच्या निर्बंधातून वगळल्यावर ते थांबलं.

आता बटण दाबल्यावर तीन सेकंदांनी टास्क मजकुराचं खोकं वाचतो. ते रिकामं नसेल तर जोरात गजर वाजतो. दुकानात मी नसतो, पण वरच्या मजल्यावर वडील पाचलाच उठलेले असतात. ते खाली येऊन हातानं पाठवतात. तरी खोकं रिकामं म्हणजे मेसेज पोचला असं नाही. नेट नसेल तर घड्याळाचं चिन्ह दिसत बसतं आणि टास्कच्या हिशेबी काम झालेलं असतं. त्यामुळं शनिवारी रात्रीच, शटर ओढताना, रविवारचा आकडा मी मावशींना फोनवर सांगून ठेवतो.