फ्लाइट मोड आणि विमानातलं वाय-फाय: नागपूरहून आठ महिने ये-जा केल्यावरचा अनुभव

माझा संत्र्याचा धंदा, माल नागपूरच्या कळमना बाजारातून भरून दिल्लीला जातो, आणि सीझनमध्ये मला स्वतःला महिन्यातून दोनदा तरी दिल्ली गाठावी लागते. शिवाय बहीण दोह्याला असते, तिच्याकडे दोन चकरा झाल्या. आठ महिन्यांत विमानात बसून फोनवर जे जे करून पाहिलं ते लिहितोय, कारण पहिल्या खेपेला मला हे कोणी सांगितलं असतं तर एक गाडी दिवसभर अडकली नसती राजेहो.

झालं असं. दोह्याच्या फ्लाइटमध्ये बसलो होतो, त्यात वाय-फाय होतं, मेसेजिंग फुकट आणि पूर्ण इंटरनेट पैसे देऊन. मी म्हटलं चला, ट्रान्सपोर्टवाल्याचं भाडं नेटबँकिंगनं वरूनच टाकून देऊ. कार्डानं पॅक घ्यायला गेलो तर ओटीपी मागितला. वाट पाहिली, नाही आला. परत पाठवा दाबलं, परत नाही. सहा वेळा केलं. वाय-फाय छान चालू, व्हॉट्सॲपवर बहिणीशी बोलणं सुरू, आणि हा ओटीपी काही येईना! मला वाटलं बँकेचं सर्व्हर बंद असेल. उतरल्यावर फ्लाइट मोड काढला, दोन मिनिटांत सहाचे सहा ओटीपी एकाखाली एक धडाधड आले, सगळे मुदत संपलेले. भाडं न मिळाल्यामुळे गाडीवाल्यानं माल उतरवला नाही, आंबिया बहाराचा माल, उन्हात उभा.

कारण साधं आहे पण डोक्यात बसायला वेळ लागला. फ्लाइट मोड लावला की सिमचा रेडिओ बंद. मग वाय-फाय वेगळं चालू करता येतं, ब्लूटूथपण चालतं, पण साधा एसएमएस येतो तो मोबाइल टॉवरवरून, आणि तो रस्ता तुम्ही स्वतःच बंद केलेला असतो. व्हॉट्सॲप येतं कारण ते इंटरनेटवरून येतं. म्हणजे वाय-फाय मिळालं म्हणून फोनला सगळं मिळालं असं नाही. काही बँकांचा ओटीपी ईमेलवरही येतो, पण ईमेल उघडायलाच आधी पॅक लागतो, म्हणजे कुलपाची चावी कुलपाच्या आत.

मग आता काय करतो? ज्या कामाला ओटीपी लागतो ते सगळं सोनेगावला, म्हणजे नागपूरच्या विमानतळावर, गेटवर बसूनच उरकतो. भाडं, हमाली, सगळं. वाय-फायचा पॅक आधी घेता येत असेल तर तोही तिकिटासोबत जमिनीवरच घेतो. आणि वर असताना फक्त मजकूर पाठवायचा.

मेसेज पोचला की नाही हे कसं कळतं ते पण सांगतो, कारण फुकटच्या मेसेजिंगमध्ये इथंच घोळ होतो. छोटं घड्याळ दिसत असेल तर मेसेज अजून फोनमधून निघालाच नाही. एक टिक आली की निघाला, दोन टिक म्हणजे समोरच्याच्या फोनपर्यंत गेला. मी एकदा मालाचा फोटो टाकला आणि खाली तीन ओळी लिहिल्या, ओळींना टिक आली पण फोटो नुसता गोल गोल फिरत राहिला. फुकटच्या पॅकवर फोटो, व्हॉइस नोट, कॉल यातलं काहीच गेलं नाही माझ्याकडून. म्हणून आता वजन, पेट्या, भाव सगळं अक्षरात लिहितो, फोटो उतरल्यावर. आणि पैसे भरून घेतलेला पॅक मोजका असेल तर फोटोंचा आपोआप बॅकअप आणि ॲपचे अपडेट आधी बंद करा, माझा एक पॅक त्यातच गेला, मी एक मेलही पाहिली नव्हती.

वेळेचं गणित वेगळंच आहे. आपल्याकडे विमान ३,००० मीटरच्या वर गेल्यावरच वाय-फाय वापरता येतं. एका दिल्लीच्या फ्लाइटला मी घड्याळ लावून पाहिलं. उडालो ८:०५ ला, वाय-फायचं पान उघडलं ८:१६ ला, उतरताना बंद झालं ९:२२ ला आणि चाकं टेकली ९:३५ ला. म्हणजे दीड तासातले ६६ मिनिटं. मुंबईला जाताना तर आणखी कमी. त्यामुळे विमान खाली यायला लागलं की महत्त्वाचा मेसेज टाकू नका, त्यावर घड्याळच बसून राहतं आणि तुम्हाला वाटतं समोरचा उत्तर देत नाही. आणि हो, प्रत्येक विमानात हे नसतंच. एअर इंडियानं १ जानेवारी २०२५ ला देशातल्या काही फ्लाइटमध्ये वाय-फाय सुरू केल्याचं जाहीर केलं, पण तेही ठरावीक विमानांतच, त्यामुळे एकाच रूटवर सकाळच्या फ्लाइटमध्ये असेल आणि संध्याकाळच्यात नसेल असं होऊ शकतं. त्याच्या भरवशावर कोणाला शब्द देऊ नका.

फ्लाइट मोड न लावता पाहू काय होते, असं माझ्या भाच्यानं एकदा विचारलं. काही करू नको बापा. वरून फोनला एकाच वेळी बरेच दूरचे टॉवर दिसतात, एकही नीट पकडता येत नाही, म्हणून तो पूर्ण ताकदीनं ओरडत शोधत राहतो. बॅटरी तर जातेच, पण अशा सिग्नलची खरखर पायलटच्या हेडफोनमध्ये ऐकू येऊ शकते, आणि नेमकी उतरायच्या वेळी विमानतळाच्या कंट्रोल टॉवरचं बोलणं ऐकायचं असतं तेव्हा. ती खरखर तुम्ही पण ऐकली असेल, जुन्या स्पीकरजवळ फोन ठेवला की कॉल यायच्या आधी जी टर्र टर्र व्हायची तीच.

लॅपटॉपचं कारण मात्र वेगळं आहे, हे मलाही उशिरा कळलं. २०१४ मध्ये विमानांचे नियम ठरवणाऱ्या डीजीसीएनं फ्लाइट मोडमधला फोन पूर्ण प्रवासभर वापरायला परवानगी दिली, म्हणून उडताना-उतरताना फोन हातात चालतो. लॅपटॉप तेव्हा आत ठेवायला सांगतात तो सिग्नलसाठी नाही, वजनासाठी. जोराचा ब्रेक लागला तर दीड-दोन किलोची ती पाटी हातातून सुटून पुढच्याच्या डोक्यात बसू शकते, आणि पळायची वेळ आली तर मांडीवरचा लॅपटॉप, उघडा ट्रे आणि लोंबती चार्जरची वायर तिघं मिळून रांगेतल्या लोकांचा रस्ता अडवतात. समोरच्या सीटच्या खिशात पण घालू नका, तो खिसा एवढ्या वजनासाठी नाही. सीटखाली किंवा वर. इमर्जन्सी दाराजवळची सीट मिळाली तर खाली बॅगही ठेवू देत नाहीत, सगळं वर जातं, म्हणून मी आता फोन, चष्मा आणि एक कागद आधीच खिशात काढून ठेवतो.

शेवटचं, फोन सीटच्या फटीत पडला तर. माझा पडला होता, मी हात घालून सीट मागे-पुढे करायला लागलो तर एअर होस्टेस जवळपास धावतच आली, म्हणाली, "दादा, सीट हलवू नका, तुम्ही आधी उठून बाजूला उभे राहा." सीटच्या लोखंडात फोन चेपला की आतली लिथियम बॅटरी पेटू शकते. तिनं टॉर्च लावून खालून वाकून काढून दिला, एका कोपऱ्याला चेपल्याची खूण होती, मी आधी एकदा सीट हलवली होती ना, तेव्हाची.